मागणीचं पत्र आणि हिशेबाचं पत्र

गणपती जवळ आले की महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत देणगीची पत्रं येऊ लागतात. पूर्वी ती पोस्टाने यायची, आता बरीचशी व्हॉट्सॲपवर येतात. काही पत्रं आर्थिक वर्ष संपायच्या बेतात, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, कारण करसवलतीसाठी देणगी देणारे तेव्हाच हात सैल सोडतात. बहुतेक पत्रांचा साचा ठरलेला असतो. संस्थेची स्थापना, संस्थापकांचा त्याग, आजवरच्या कार्याचा आढावा, एका मुलाचा डोळ्यांत पाणी आणणारा फोटो आणि शेवटी ‘आपल्या सढळ हाताच्या मदतीची अपेक्षा’. किती रुपये हवेत, कशासाठी हवेत, त्यातले संस्थेने स्वतः किती जमवले आणि खर्च झाल्यावर देणगीदाराला काय कळवलं जाईल, हे चार प्रश्न मात्र पत्र वाचून झाल्यावरही तसेच उरतात.

या प्रश्नांची उत्तरं देणारं पत्र लिहिणं अवघड असतं. त्यासाठी भाषेवर प्रभुत्व लागत नाही, पण आधी संस्थेच्या हिशेबाच्या वहीत काही गोष्टी ठरवाव्या लागतात. नेमका आकडा आणि नेमका उपयोग सांगणारं पत्र हे एक वचन असतं. ते पाळलं की नाही हे वर्षभराने दाखवता यावं, यासाठी मागणीच्या पत्रातला तक्ता आणि हिशेबाच्या पत्रातला तक्ता एकाच ओळींचा असावा लागतो. देणगीपत्राचं खरं कसब इथे आहे.

एक उदाहरण सविस्तर पाहू. संस्था काल्पनिक आहे आणि आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, परिस्थिती मात्र खरी आहे.

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांच्या परिसरात पाचेक महिने मुक्काम पडतो. मुलं सोबत गेली तर शाळा तुटते. आजी-आजोबांकडे ठेवली तर बरेचदा टिकते, पण म्हाताऱ्या माणसांना ते झेपतंच असं नाही. म्हणून हंगामापुरती वसतिगृहं चालवली जातात. काही सरकारी योजनेतून चालतात, काही संस्था स्वतः पैसे उभे करून चालवतात. आपली संस्था दुसऱ्या प्रकारातली आहे, असं धरू. नोव्हेंबर ते एप्रिल या १८० दिवसांसाठी ४० मुलांना ठेवायचं तिने ठरवलं आहे.

आता खर्च मांडू. जेवण-नाश्ता एका मुलामागे दिवसाला ७५ रुपये, म्हणजे ४० मुलांचे १८० दिवसांचे ५ लाख ४० हजार. दोन स्वयंपाकिणी आणि एक अधीक्षक यांचं सहा महिन्यांचं मानधन १ लाख ८० हजार. अंथरूण-पांघरूण, साबण, वह्या, औषधं मुलामागे दीड हजार, म्हणजे ६० हजार. वीज आणि पाण्याचे टँकर ६० हजार. हिशेबनीस, लेखापरीक्षण, प्रवास, टपाल असा कार्यालयीन खर्च आणखी ६० हजार. एकूण ९ लाख. मुलामागे हंगामाचे साडेबावीस हजार, दिवसाला १२५ रुपये.

यातले १ लाख ८० हजार संस्थेकडे मागच्या बचतीतून आणि विश्वस्तांच्या वर्गणीतून आहेत. ते पत्रात सांगणं महत्त्वाचं असतं. देणगीदार आणि संस्था यांच्यातला विश्वास बऱ्याचदा याच ओळीवर ठरतो, कारण संस्थेने स्वतः काही घातलं आहे हे तिथे दिसतं. मागणी उरते ७ लाख २० हजारांची. पत्रात ती अशी लिहिता येईल:

‘सप्रेम नमस्कार. येत्या नोव्हेंबर ते एप्रिल या काळात ऊसतोड कुटुंबांतल्या ४० मुलांसाठी आम्ही वसतिगृह चालवत आहोत. त्यासाठी ९ लाख रुपये खर्च अपेक्षित आहे. १ लाख ८० हजार आमच्याकडे आहेत. ७ लाख २० हजारांसाठी हे पत्र. एका मुलामागे हंगामाचा खर्च साडेबावीस हजार येतो. आपण दिलेली रक्कम कोणा एका मुलाच्या नावे न टाकता वसतिगृहाच्या निधीत जमा होईल आणि सर्व मुलांवर मिळून खर्च होईल. रक्कम गरजेपेक्षा जास्त आली तर ती पुढच्या हंगामासाठी याच निधीत राहील. खर्चाचा तपशील जूनअखेर आपल्याला कळवू.’

वाचायला हा मजकूर साधा आहे, पण त्यातली जवळपास प्रत्येक ओळ एखाद्या अडचणीतून आलेली आहे.

‘कोणा एका मुलाच्या नावे न टाकता’ ही ओळ आधी पाहू. ‘साडेबावीस हजारांत एका मुलाचं पालकत्व घ्या’ असं लिहिलं तर प्रतिसाद जास्त मिळतो, हे संस्थांना अनुभवाने माहीत असतं. देणाऱ्याला एक चेहरा दिसतो. पण वसतिगृहातलं पातेलं एकच असतं. स्वयंपाकिणीचं मानधन चाळीस मुलांत वाटून कुणाच्या खात्यावर टाकत नाहीत. शिवाय तो मुलगा जानेवारीत आजीकडे परत गेला तर ‘माझ्या’ पैशांचं काय झालं, या प्रश्नाला संस्थेकडे प्रामाणिक उत्तर नसतं. मुलामागचा खर्च हा देणगीदाराला आकडा समजावा म्हणून काढलेला भागाकार असतो. तो तसाच आहे हे पत्रात स्पष्ट लिहिलं, तर पुढचे कित्येक गैरसमज टळतात.

त्या भागाकारात आणखी एक गोम आहे. साडेबावीस हजारांपैकी जेवण आणि साहित्य यांचे पंधरा हजारच मुलागणिक वाढतात किंवा कमी होतात. मानधन, वीज-पाणी आणि कार्यालय यांचे मिळून ३ लाख रुपये मुलं चाळीस असोत की तीस, लागतातच. म्हणजे निम्मे पैसे आले तर निम्मी मुलं ठेवता येतील, हे गणित चुकतं. वीस मुलांचं वसतिगृह साडेचार लाखांत चालत नाही, त्याला सहा लाख लागतात. म्हणून नेटकं पत्र लिहिणारी संस्था आणखी एक वाक्य घालते: अमुक तारखेपर्यंत किमान एवढी रक्कम जमली नाही, तर वसतिगृह किती मुलांचं करू किंवा करणारच नाही, आणि तसं झालं तर आलेल्या पैशांचं काय करू. हे वाक्य लिहायला विश्वस्त कचरतात, कारण त्यात अपयशाची शक्यता उघड मान्य करावी लागते. पण ज्याने याआधी अर्धवट सोडलेल्या इमारतींना देणग्या दिल्या आहेत, तो देणगीदार हेच वाक्य शोधत असतो.

‘रक्कम जास्त आली तर’ ही ओळ त्याहूनही मोलाची आहे. पैसे कमी पडण्याची भीती सगळ्यांना असते. जास्त आल्यावर काय होतं, याचा विचार फारसा कोणी केलेला नसतो.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर अमेरिकन रेडक्रॉसने ‘लिबर्टी फंड’ नावाने मदत गोळा केली. काही आठवड्यांत पन्नास कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली. त्यातला मोठा हिस्सा पुढच्या संभाव्य आपत्तींसाठी आणि संस्थेच्या इतर गरजांसाठी ठेवायचा बेत होता. तो लोकांना कळला तेव्हा संतापाची लाट उसळली. आपण पैसे दिले ते मृतांच्या कुटुंबांसाठी, ही देणाऱ्यांची समजूत होती. अमेरिकी संसदेच्या समितीपुढे प्रश्न विचारले गेले, अध्यक्षांना पद सोडावं लागलं आणि नोव्हेंबरच्या मध्यावर रेडक्रॉसला जाहीर करावं लागलं की निधी या हल्ल्यांची झळ बसलेल्यांसाठीच वापरला जाईल. पैसे कोणी खिशात घातले नव्हते. रक्तसाठा, दळणवळण, पुढच्या संकटाची तयारी, अशा कामांसाठीच ते ठेवायचे होते. मागताना लोकांच्या मनात जो अर्थ उमटला, त्याच्याशी तो बेत जुळत नव्हता, आणि तेवढंच पुरेसं ठरलं.

तीन वर्षांनी, डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर, ‘मेडिसिन्स सान्स फ्रंटियर्स’ या आंतरराष्ट्रीय डॉक्टरांच्या संस्थेने उलटं पाऊल उचललं. जानेवारीच्या सुरुवातीलाच तिने जाहीर केलं की त्सुनामीग्रस्त भागात आम्ही जे काम करू शकतो त्याला पुरेसे पैसे आले आहेत, या कारणासाठी आता देऊ नका, द्यायचं असेल तर आमच्या इतर कामांसाठी द्या. अनेक मदत संस्थांना हे रुचलं नाही, कारण त्यांची आवाहनं तेव्हा जोरात सुरू होती. त्यानंतर संस्थेने आधीच पैसे दिलेल्यांना पत्र लिहून विचारलं की तुमची रक्कम दुसऱ्या संकटग्रस्त ठिकाणी वापरू का. बहुसंख्य देणगीदारांनी होकार दिला, परत मागणारे फार थोडे निघाले. लोक संस्थेला मोकळीक द्यायला तयार असतात, फक्त त्यांना आधी विचारावं लागतं.

आपल्याकडे तर हा विचारण्याचा प्रश्न शिष्टाचारापुरता राहत नाही, तो कायद्यातही जातो. महाराष्ट्रातले न्यास ‘महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५०’ या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले असतात. एका उद्देशासाठी गोळा केलेला पैसा विश्वस्तांना वाटलं म्हणून दुसरीकडे वळवता येत नाही. मूळ उद्देश पार पाडणं अशक्य झालं, तर त्याच्या जवळच्या उद्देशासाठी पैसा वापरायला न्यायालयाची वाट धरावी लागते, तशी तरतूद या कायद्यात आहे. चाळीस मुलांच्या वसतिगृहातून उरलेल्या काही हजारांसाठी कोणी कोर्टात जात नाही. होतं असं की पैसा गुपचूप सर्वसाधारण खात्यात मिसळतो आणि पुढच्या वर्षी कोणालाच सांगता येत नाही की तो कुठे गेला. पत्रातली ती एक ओळ ही वेळ येऊ देत नाही, कारण उरलेल्या रकमेचं काय करायचं, याची परवानगी देणाऱ्याने देतानाच दिलेली असते.

आता हिशेबाच्या वहीकडे येऊ. पत्र छापण्याआधी संस्थेच्या हिशेबनिसाने ‘हंगामी वसतिगृह निधी’ असं स्वतंत्र खातं उघडलं पाहिजे. वेगळं बँक खातं असलं तर उत्तमच, नसलं तरी चालतं, पण खतावणीत वेगळं पान हवंच. या पानावर येणारी प्रत्येक देणगी आणि जाणारं प्रत्येक बिल लिहिलं जावं. न्यासांच्या ताळेबंदाचा जो नमुना कायद्याने ठरवून दिला आहे, त्यात जबाबदाऱ्यांच्या बाजूला विशिष्ट कारणासाठी राखून ठेवलेल्या निधींची जागा असते. वर्षअखेरची शिल्लक तिथे दाखवता येते. अनेक लहान संस्था हे करत नाहीत. सगळ्या देणग्या एकाच ‘देणगी’ खात्यावर जमा होतात, किराणा ‘किराणा’ खात्यावर पडतो, आणि वसतिगृहावर नेमके किती गेले हे जूनमध्ये बिलांच्या गठ्ठ्यातून शोधत बसावं लागतं. हिशेबाचं पत्र न निघण्याचं सर्वांत मोठं कारण बेइमानी नसून हेच असतं. मागतानाच खातं वेगळं केलेलं नसतं.

ऊसतोडीच्या हंगामात आणखी एक अडचण आहे. न्यासांचं वर्ष ३१ मार्चला संपतं, वसतिगृह मात्र एप्रिलअखेरपर्यंत चालतं. म्हणजे एप्रिलचा किराणा, मानधन आणि टँकर यांचे सव्वा लाखाच्या आसपास पैसे ३१ मार्चला खात्यात शिल्लक दिसणार. ज्याला हंगाम माहीत नाही त्याला वाटेल, की मुलांच्या नावाने मागितलेले पैसे खर्चच केले नाहीत. शिवाय आयकरातली सूट टिकवायची तर न्यासाने वर्षाच्या उत्पन्नापैकी किमान ८५ टक्के त्याच वर्षी आपल्या कामासाठी वापरावं, असा नियम आहे. जास्त ठेवायचं असेल तर कारण आणि मुदत सांगून तशी माहिती आयकर खात्याला द्यावी लागते. ही शिल्लक कशी दाखवायची, हे लेखापरीक्षकाला मार्चमध्ये विचारून चालत नाही. ते सप्टेंबरमध्ये, पत्र लिहितानाच विचारायला हवं. आणि देणगीदाराला कळवण्याचा हिशेब आर्थिक वर्षाचा न करता हंगामाचा करायला हवा. ‘जूनअखेर’ ही तारीख त्यातून येते. हंगाम संपल्यावर दोन महिन्यांत संस्थेचा स्वतःचा हिशेब निघतो. लेखापरीक्षण झालेले आकडे त्यानंतर, बहुतेक ठिकाणी सप्टेंबरपर्यंत हाती येतात. पहिला हिशेब अजून तपासायचा आहे असं स्पष्ट लिहिलं की दोन्हींत थोडा फरक पडला तरी संशय येत नाही.

पावतीचा विषय लवकर आटपता येईल, पण टाळता येणार नाही. जुन्या आयकर कायद्याच्या ८०-जी कलमाखाली मान्यता असलेल्या बहुतेक संस्थांना दिलेल्या देणगीच्या ५० टक्के रकमेवर वजावट मिळत आली आहे. तिलाही उत्पन्नाच्या प्रमाणात मर्यादा आहे. दोन हजारांहून अधिक रोख रक्कम दिली तर ती मिळत नाही, आणि करदात्याने नवी करप्रणाली निवडली असेल तरीही मिळत नाही. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून छापील पावत्यांवरचा मजकूर संस्थांना तपासून घ्यावा लागतो. २०२१-२२ पासून संस्थेला देणग्यांचं विवरण आयकर खात्याकडे भरावं लागतं आणि त्यातून निघालेलं प्रमाणपत्र देणगीदाराला द्यावं लागतं. वर्ष संपल्यानंतर ३१ मे ही त्याची मुदत ठेवली गेली. संस्था पॅन क्रमांक आणि पत्ता मागते ते यासाठी. पत्रात हे कारण दोन ओळींत सांगितलं नाही, तर अनेक वयस्कर देणगीदारांना ती चौकशी खटकते. त्या विवरणात देणगी कायम निधीसाठी आहे, ठरावीक कामासाठी आहे की इतर, हेही नोंदवायचं असतं. म्हणजे पत्रात जे वचन दिलं, त्याची एक नोंद सरकारदरबारीही होते.

परदेशातल्या मराठी माणसांना असं पत्र पाठवताना एका गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होतं. न्यू जर्सीतला किंवा दुबईतला माणूस भारतीय नागरिक असेल आणि आपल्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर मात्र ती ठरते. त्याच्याकडे ओसीआय कार्ड आहे, तो दर वर्षी गावी येतो, पैसे त्याच्या भारतातल्या खात्यातून आले, यातल्या कशानेही फरक पडत नाही. अशी देणगी घ्यायला परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच यावी लागते. त्या पैशातून कार्यालयीन खर्च २० टक्क्यांपलीकडे करता येत नाही. आपल्या बीडच्या संस्थेकडे ही नोंदणी नाही. तेव्हा पत्रात बँक खात्याच्या क्रमांकाखाली ‘हे खातं फक्त भारतीय नागरिकांच्या देणग्यांसाठी’ एवढं लिहावं लागतं. विश्वस्तांपैकी कोणाच्या तरी भाच्याने सदिच्छेने पाठवलेल्या पन्नास हजारांनी संस्था अडचणीत येऊ शकते.

कार्यालयीन खर्चाबद्दल मराठी देणगीदार फार हळवे असतात. ‘आपल्या देणगीतला प्रत्येक रुपया थेट मुलांपर्यंत’ हे वाक्य म्हणूनच लोकप्रिय आहे. ते खरं असू शकतं, पण एकाच परिस्थितीत: लेखापरीक्षकाची फी, हिशेबनिसाचा पगार, टपाल आणि प्रवास यांचा खर्च दुसरं कोणीतरी उचलत असेल तर. तसं असेल तर कोण उचलतं हेही पत्रात यावं. नसेल तर ते ६० हजार तक्त्यात उघड दाखवावेत. आपल्या उदाहरणात तो एकूण खर्चाचा पंधरावा हिस्सा आहे, आणि त्याच पैशांतून जूनचं हिशेबाचं पत्र निघणार आहे. ज्या पत्रात हा खर्च शून्य दिसतो आणि स्पष्टीकरणही नसतं, तिथे तो बहुधा किराण्यात किंवा ‘इतर’ या ओळीत दडवलेला असतो. तक्त्यातली ‘इतर’ची ओळ एकूण रकमेच्या मानाने मोठी असेल, तर वाचणाऱ्याने तिथेच थांबून संस्थेला फोन करावा.

काही संस्था दर वर्षीच्या या धावपळीला कंटाळून कायम निधीसाठी, म्हणजे मुद्दल न मोडता व्याजावर काम चालवण्यासाठी आवाहन करतात. महाराष्ट्रात याची मोठी उदाहरणं आहेत. महर्षी कर्वे यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी देऊ केली. तिच्यासोबत अटी होत्या, विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव द्यावं ही त्यांतली सर्वांना माहीत असलेली. देणाऱ्याच्या अटी लेखी असल्या की दोन्ही बाजूंना काय ठरलं ते कळतं. पण लहान संस्थेने कायम निधी मागताना गणित मांडावं. सात टक्के व्याज धरलं तर वसतिगृहाच्या ९ लाखांसाठी एक कोटी २९ लाखांच्या आसपास मुद्दल लागेल, आणि महागाई वाढत जाईल तसं तेही अपुरं पडेल. पाच लाखांच्या कायम निधीतून वर्षाला पस्तीस हजार मिळतील. ‘या निधीतून वसतिगृह कायमचं स्वयंपूर्ण होईल’ असं लिहिण्याआधी हा भागाकार केलेला बरा.

सामान्य माणसाच्या छोट्या रकमांतून मोठं काम उभं करण्याची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून निघालेल्या आणि लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभलेल्या पैसा फंडात माणशी वर्षाला एक पैसा मागितला जाई. मागणी इतकी स्पष्ट होती की कोणालाही ती समजावी, आणि त्या पैशांतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काचेचा कारखाना उभा राहिला. आपला पैसा कुठे गेला, हे देणाऱ्याला तळेगावला जाऊन बघता येत होतं. अलीकडच्या काळात ‘लोकसत्ता’ने २०११ पासून ‘सर्वकार्येषु सर्वदा’ या उपक्रमात गणेशोत्सवाच्या दिवसांत दहा-दहा संस्थांची ओळख करून दिली. वाचकांनी धनादेश त्या-त्या संस्थेच्या नावानेच काढायचे, ही त्यातली पद्धत महत्त्वाची होती. मध्ये दुसरं खातं येत नाही, त्यामुळे पावतीची आणि हिशेबाची जबाबदारी कोणाची याबद्दल घोळ राहत नाही.

वसतिगृहाची इमारत असली तरी वसतिगृहात काय घडलं हे मात्र तळेगावच्या कारखान्यासारखं जाऊन बघता येत नाही. पातेल्यातलं जेवण संपून जातं. म्हणून हिशेबाच्या पत्रात पैशांबरोबर कामही मोजून सांगावं लागतं, आणि काय मोजणार हे मागतानाच ठरवावं लागतं. ‘चाळीस आयुष्यं उजळली’ हे मोजता येत नाही. किती मुलं किती दिवस राहिली, शाळेच्या हजेरीपटावर त्यांची हजेरी किती आणि वार्षिक परीक्षेला किती बसली, हे मोजता येतं, आणि शाळेत जाऊन पडताळताही येतं. फोटो पाठवायचेच असतील तर स्वयंपाकघराचे, अभ्यासिकेचे, पाठमोऱ्या रांगेचे पाठवावेत. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख प्रसिद्ध करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याने मनाई केली आहे. आणि कायद्याचं सोडलं, तरी दहा वर्षांच्या मुलीचा चेहरा, नाव आणि ‘आईवडील ऊसतोड मजूर’ ही ओळ शेकडो मोबाइलवर फिरवण्याचा अधिकार संस्थेला कोणी दिलेला नसतो.

आता जूनचं पत्र. धरू की मागितलेले ७ लाख २० हजार पूर्ण जमले. हंगाम मात्र ठरवल्यासारखा गेला नाही, तो कधीच जात नाही. मुलं चाळीसऐवजी चौतीस आली. डाळी आणि भाजी महागली. फेब्रुवारीतच विहीर आटली. पत्रात ते असं येतं:

‘चाळीस मुलांसाठी तयारी होती, चौतीस आली. सहा कुटुंबांपैकी चौघांनी मोठ्या मुलीला धाकट्या भावंडांना सांभाळायला सोबत नेलं. दोन मुलं आजीकडे राहिली. जेवणाचा खर्च दिवसाला ७५ ऐवजी ८० रुपये आला, पण मुलं कमी असल्याने एकूण ४ लाख ८९ हजार ६०० झाला. साहित्याचे ५१ हजार. मानधन ठरल्याप्रमाणे १ लाख ८० हजार. वीज-पाण्याला ६० ऐवजी ८४ हजार लागले, कारण टँकर फेब्रुवारीपासून घ्यावे लागले. कार्यालयीन खर्च ६० हजार. एकूण ८ लाख ६४ हजार ६००. शिल्लक ३५ हजार ४०० निधीतच ठेवले आहेत. चौतीसपैकी एकतीस मुलांनी वार्षिक परीक्षा दिली. तिघांना त्याच आठवड्यात कांजिण्या आल्या होत्या, त्यांची परीक्षा शाळेने नंतर घेतली.’

मुलामागचा खर्च साडेबावीस हजारांवरून पंचवीस हजार चारशेच्या पुढे गेला, हेही त्यात लिहावं. ते न लिहिता फक्त एकूण खर्च ठरलेल्या रकमेपेक्षा कमी आला असं सांगितलं, तर आकडा खरा असूनही चित्र खोटं उभं राहतं. चार मुलींची ओळ तर या पत्रातली सर्वांत उपयोगी ओळ आहे. वसतिगृह मोफत असूनही घरातून मुलगी निघत नाही, कारण फडावर तान्ह्या भावंडाला सांभाळायला दुसरं कोणी नसतं. पुढच्या वर्षी पैसे आणखी खाटांवर घालायचे, की कारखान्याच्या तळावर पाळणाघर चालवणाऱ्या एखाद्या संस्थेशी बोलायचं, हा प्रश्न त्या ओळीने विश्वस्तांपुढे आणि देणगीदारांपुढे एकाच वेळी ठेवला.

हे पत्र पैसे देणाऱ्या प्रत्येकाला जावं, पाचशे रुपये देणाऱ्यालाही. मोठ्या देणगीदाराला छापील अहवाल आणि छोट्याला फक्त पावती, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. ती सोडायला खर्च जवळपास शून्य येतो, कारण एका पानाचं पत्र व्हॉट्सॲपवर जाऊ शकतं. हंगाम चालू असताना, जानेवारीत, चार ओळींचा निरोपही पाठवावा: मुलं किती आहेत, पाणी किती दिवस पुरेल असं वाटतं. फेब्रुवारीत टँकरचा खर्च वाढणार हे ज्याला जानेवारीत कळलेलं असतं, त्याला जूनमधला वाढीव आकडा खटकत नाही.

सप्टेंबर आला की पुढच्या हंगामाचं पत्र लिहायला घ्यायचं. या वेळी छत्तीस मुलं, जेवण दिवसाला ८० रुपयांप्रमाणे ५ लाख १८ हजार ४००, वीज-पाणी सुरुवातीपासूनच ८४ हजार धरलेलं. अंथरुणं गेल्या वर्षीची चालतील, म्हणून साहित्य मुलामागे हजार रुपये, एकूण ३६ हजार. मानधन आणि कार्यालय तेवढंच. बेरीज ८ लाख ७८ हजार ४००. त्यातून शिल्लक ३५ हजार ४०० आणि संस्थेचे स्वतःचे १ लाख ८० हजार वजा केले, की मागणी उरते ६ लाख ६३ हजारांची, आणि पत्रासोबत जूनचं हिशेबाचं पान जोडलेलं असतं.